आधी अंडं की आधी भजी?

मोबाइल यायच्या आधी वसतिगृहातल्या मुलांची पत्रं दोनच प्रकारची असत. एका प्रकारात पैसे मागितलेले असत आणि दुसऱ्यात आधीचे पैसे कुठे गेले त्याचा खुलासा असे. आमचे चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचं एक निळं आंतरदेशीय पत्र आलं, ते मात्र या दोन्हींत बसेना.

"ती. आईस साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे. अभ्यास जोरात चालू आहे. आमच्या मेसला रविवारी रात्री सुट्टी असते. दुपारी फीस्ट म्हणून इतकं वाढतात की रात्री भूक लागणार नाही असं त्यांना वाटतं. ती लागते. म्हणून आम्ही रूमवरच काहीतरी करायचं ठरवलं आहे. रूमवर शेगडी चालत नाही. म्हणजे चालते, पण चालत नाही. कॉइलची आहे आणि एकच आहे. तिला कमी-जास्त करता येत नाही, फक्त चालू आणि बंद. तर एकाच शेगडीवर अंडी आणि कांदाभजी दोन्ही एकाच वेळी गरम गरम कशी वाढायची ते सविस्तर कळव. अंडी माझ्यासाठी नाहीत, रूम पार्टनरसाठी आहेत. मी फक्त तळून देणार."

यापुढे पत्रातली जागा संपली होती. म्हणून सगळ्यांत महत्त्वाची सूचना त्यानं पत्राच्या बाहेरच्या घडीवर, पाठवणाऱ्याच्या पत्त्याखाली लिहिली होती: "बाबांना अंड्यांचं सांगू नकोस." ती पोस्टमननं वाचली, पत्र चुकून ज्यांच्याकडे पडलं त्या शेजारच्या काकूंनी वाचली आणि शेवटी बाबांनी वाचली. पत्र उघडण्याची वेळ माझ्यावर आली तेव्हा आळीत ही बातमी जुनी झाली होती.

आमच्या घरी अंडं येत नसे. सासूबाई असेपर्यंत तर दुधाच्या पिशव्यांशेजारी अंड्यांचा ट्रे ठेवणाऱ्या दुकानातून दूधसुद्धा येत नसे. त्यामुळे चिरंजीवांनी अंडं कसं तळायचं हे मला विचारावं याचं कुणालाही नवल वाटलं असतं. मला वाटलं नाही. माझं माहेर मालवणकडचं. लग्नाआधी मी काय खात होते हा विषय सासरी कुणी काढला नाही आणि मीही आपणहून काढला नाही. मुलाला हे कुणी सांगितलं असेल? त्याच्या मामानं, दुसरं कोण.

पत्र वाचून हे अंड्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. हे वीज मंडळात होते. घडी उघडून त्यांनी "कॉइल" या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "किती वॅटची?" मला काय ठाऊक. मग त्यांनीच वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. हजार वॅटची असेल तर सव्वाचार अँपिअरच्या आसपास ओढणार. खोलीतल्या साध्या पॉइंटला पाच अँपिअर सोसतात, म्हणजे जेमतेम. दोन हजारांची असेल तर साडेआठच्या वर. फ्यूज जाणार आणि त्या मजल्यावरची सगळी मुलं अंधारात बसणार. वॉर्डनला कुठली खोली तपासायची हे विचारावं लागणार नाही, जिथून कांद्याचा वास येतो ती. "तारेच्या जागी जाड तार गुंडाळू नका म्हणावं," एवढं बोलून हे परत पेपरात शिरले. फ्यूज जातो म्हणून मुलं जाड तार घालतात, मग फ्यूज जात नाही, भिंतीतली वायर जाते. हे त्यांनी नोकरीत इतक्या वेळा पाहिलं होतं की मुलानं अंडं खाणं त्यापुढे त्यांना किरकोळ वाटलं असावं.

आता माझ्याकडे आलेला प्रश्न. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' पार्सल करून मोकळं व्हावं, असं आधी वाटलं. पण पाककृतीच्या कुठल्याही पुस्तकात तिसऱ्या-चौथ्या ओळीला "गॅस बारीक करा" असं येतंच, आणि कॉइलची शेगडी बारीक होत नाही. मातीच्या ताटलीतल्या खोबणीत तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. बटण दाबलं की ते लाल होतं, बंद केलं तरी दोन-तीन मिनिटं गरम राहतं. बस्स. पण या दोन-तीन मिनिटांतच सगळी गंमत आहे. गॅस बंद केला की आच तिथेच मेली. शेगडी बंद केली की ती हळूहळू उतरत जाते, म्हणजे "मंद आच" तिला येते, फक्त बटण बंद केल्यावर येते. हे एकदा कळलं की निम्मा स्वयंपाक कळला.

दुसरा प्रश्न भांड्याचा. चिरंजीवांनी पहिला प्रयोग आधीच उरकला होता आणि त्याची हकीकत पुढच्या पत्रात आली. (हे पत्र पाकिटातून आलं. अनुभवानं माणूस शिकतो.) कोणाकडून तरी आणलेली गोल बुडाची लोखंडी कढई त्यांनी शेगडीवर ठेवली. गॅसच्या बर्नरला कढई पेलणारे पाय असतात, शेगडी सपाट असते. त्यामुळे कढई आमच्याकडच्या आघाडीच्या सरकारासारखी ज्याचा हात लागेल त्या बाजूला कलायची. शिवाय गोल बूड मधोमध खाली येऊन कॉइलला टेकतं. उघड्या कॉइलमध्ये वीज खेळत असते. लोखंड टेकलं की ती कढईत, आणि झाऱ्यातून हातात. त्याला झटका बसला नाही हे माझ्या उपासांचं फळ असं मी म्हणाले. हे म्हणाले, रबरी स्लिपर घातली असेल.

म्हणून मी लिहिलं: कढई परत कर. चहाचं लहान पातेलं घे, सपाट बुडाचं, उभ्या कडांचं. पाव किलो शेंगदाण्याचं तेल त्यात ओतलं की दीड बोट उंचीपर्यंत येतं आणि कांदाभजीला तेवढं पुरतं. भजी तेलात बुडून राहावी लागत नाहीत. ती अर्धी तरंगतात, एकदा उलटली की झालं. उंच कडांमुळे उडणारं तेल आतच राहतं, कॉइलवर पडत नाही. मोठ्या कढईत तेवढ्याच तेलाचा नुसता पापुद्रा झाला असता. आणि त्या पातेल्यावर नीट बसेल असं झाकण आधी शोध, मग तेल आण. तेलानं पेट घेतला तर बटण बंद करायचं आणि झाकण टाकायचं. पाणी ओतायचं नाही. पेटत्या तेलात पाणी पडलं की ते तळाशी जाऊन एकदम वाफ होतं आणि जळतं तेल घेऊन छताला जातं.

ह्यांनी या जागी त्यांची एक ओळ लिहायला लावली, आणि ती मी अधोरेखित केली: "भांडं ठेवताना आणि उचलताना आधी बटण बंद, हात कोरडे."

या एका ओळीनं चिरंजीवांचा मुख्य प्रश्न मात्र भलताच अवघड करून ठेवला. त्यांची कल्पना अशी होती: भजी तळता तळता मध्येच पातेलं उतरवायचं, तवा चढवायचा, अंडं टाकायचं, ते झालं की पुन्हा पातेलं. दोन शेगड्यांचं काम एकीकडून काढून घ्यायचं. पातेल्याचे कान धरायला सांडशी. खोली दहा बाय बारा. खाली गादी, पुस्तकं, ड्रॉइंगचे कागद आणि शेजारी "होतंय का, होतंय का" विचारत बसलेले तीन भुकेले जीव. तळणीचं तेल पावणेदोनशे अंशांच्या आसपास असतं. उकळतं पाणी अंगावर पडलं तर शंभर अंशांचं. तेवढ्यानंही फोड येतात. गरम तेलाचं पातेलं जागेवरून हलवायचं नाही, हा नियम माझ्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या असतानाही होता. एका शेगडीवर तर तो मोडायचा मोह दर पाच मिनिटांनी होतो, म्हणून बेत असा हवा की मोहच होऊ नये.

आणि बेत सापडला तो कांद्यात.

चांगल्या कांदाभजीत पाणी घालत नाहीत. दोन मध्यम कांदे उभे पातळ चिरायचे, पाकळ्या हातानं सुट्या करायच्या, त्यावर पाऊण चमचा मीठ चोळायचं आणि गप्प बसायचं. दहा-पंधरा मिनिटांत मीठ कांद्यातलं पाणी ओढून काढतं. कांदे मऊ पडतात, ताटलीच्या तळाशी पाणी दिसू लागतं. मग त्यात तिखट, चिमूटभर हळद, हातावर चोळलेला ओवा, असली तर कोथिंबीर, आणि त्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, साधारण एक वाटी. एक चमचा तांदळाची पिठी घातली तर कुरकुरीत होतात. पीठ कांद्याला चिकटलेलं दिसलं पाहिजे. कांदा पिठात पोहताना दिसला की चुकलं. वसतिगृहातली मुलं हे सगळं एका दमात कालवतात. कांदा कोरडा असतो म्हणून पाणी घालतात. मग पाच मिनिटांनी कांद्याचं पाणी सुटतं आणि पीठ सरबरीत होतं. म्हणून आणखी बेसन घालतात. शेवटी कांद्याची भजी करायला निघालेली मुलं बेसनाची भजी खातात.

तर ही पंधरा मिनिटं. कांदा मिठात गप्प बसलाय, शेगडी रिकामी आहे. अंडं तीन मिनिटांत होतं. झालं, आधी अंडं, मग भजी! दोन्ही एकाच वेळी गरम वाढायची ही अट मी परस्पर रद्द केली. अंडं तव्यावरून उतरल्यावर थांबत नाही आणि भजीही थांबत नाहीत. ताटात ढीग केला तर वाफेनं खालची मऊ पडतात. थांबायला तयार आहे तो एकटा कांदा, उलट थांबला तर सुधारतो. मग त्याला थांबवावं आणि अंडं ज्याचं त्यानं तव्यावरून थेट पोळीत घ्यावं.

यात आणखी एक सोय होती. त्यांच्यातला जळगावकडचा मुलगा अंडं खात नसे. अंड्याचा तवा वेगळा, तो आधी उरकून धुऊन ठेवलेला, आणि भजीचं तेल त्यानंतर चढलेलं. त्याचं व्रत मोडत नाही, त्याला भजी मिळतात. एका शेगडीवर चार जणांचा धर्म सांभाळायचा तर क्रमच उपयोगी पडतो.

आता खुद्द अंडं. इथे माझं पत्र जरा लांबलं, कारण हे वाचत होते आणि मी किती लिहिते ते त्यांना बघायचं होतं. अंडं आधी पाण्याच्या भांड्यात सोड. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, वर आलं तर ज्यानं दिलं त्याला परत. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात. दिवस जातील तसं आतलं पाणी उडतं, हवेची पोकळी वाढते आणि अंडं हलकं होतं. जुन्या अंड्याचा पांढरा भाग पातळ झालेला असतो, तव्यावर टाकताच चहूकडे पळतो आणि तुम्हाला वाटतं तुमचंच काही चुकलं.

अंडं तव्यावर फोडू नकोस, वाटीत फोड. कवचाचा तुकडा वाटीतून काढता येतो, तव्यावरून काढताना बोट भाजतं. तवा मिनिटभर तापव, चमचाभर तेल टाक, तव्यावर पसरव. कांद्याचा एक तुकडा टाकून बघ. हळूच चुरचुरला तर ठीक, नुसता पडून राहिला तर तवा गार आहे. गार तव्यावर अंडं टाकलं की पांढरं हळूहळू शिजत तव्याला घट्ट धरून बसतं. (चिरंजीवांनी पहिलं अंडं तवा नाही म्हणून स्टीलच्या ताटलीत केलं होतं. ती ताटली त्यांनी नंतर कंपास पेटीतल्या पट्टीनं खरवडली, असं कळलं.) अंडं वाटीतून अलगद सोड. कडा पांढऱ्या होऊन उठल्या की बटण बंद कर आणि वर ताट झाक. इथे शेगडीची ती उतरती आच कामाला येते. खालून तवा, वरून वाफ, मिनिटभरात वरचा पांढरा भागही बसतो. बटण चालू ठेवलंस तर खालचं चामडं होतं आणि वरचं पाणीच राहतं. पिवळा भाग पातळ हवा की घट्ट, ते झाकण किती वेळ ठेवतोस त्यावर. मीठ आणि मिरपूड उतरताना.

"तुला एवढं कसं माहीत?" ह्यांनी विचारलं.

"रूम पार्टनरसाठी करायची," मी म्हणाले.

भजीचं प्रकरण त्या मानानं सोपं, कारण त्यात नजर आणि कान दोन्ही मदतीला असतात. तेल तापलं की पिठाचा हरभऱ्याएवढा गोळा टाकायचा. तळाशी बसून राहिला तर तेल गार. क्षणभर थांबून बुडबुडे काढत वर आला तर बरोबर. टाकल्याबरोबर वर येऊन तपकिरी झाला तर जास्त तापलं. तेलातून धूर निघायला लागला तर बटण बंद, आणि हात न लावता वाट बघायची. गार तेलात भजी तेल पितात, कारण बाहेरचं कवच लवकर धरत नाही. फार तापल्या तेलात कवच लगेच काळं होतं आणि आत कच्चं बेसन राहतं. चिरंजीवांच्या पत्रात या दोन्ही तक्रारी एकाच कढईबद्दल होत्या, तेव्हा मला नेमकं काय झालं ते कळलं. पहिला घाणा धूर येईपर्यंत तापलेल्या तेलात, म्हणून काळा. मग घाबरून शेगडी बंद केली, आणि दुसरा घाणा एकदम दहा-बारा भज्यांचा. ओल्या पिठाचे एवढे गोळे पडल्यावर पाव किलो तेलाचं तापमान धाडकन उतरतं. मोठ्या कढईत दोन किलो तेल असलेल्या भजीवाल्याला हे परवडतं, त्याचं तेल एवढं हलत नाही. तुझ्या पातेल्यात चार, फार तर पाच भजी एका वेळी. पुढची चार टाकायच्या आधी मिनिटभर थांब.

भजी पडली की जोरात आवाज येतो. तो तेलाचा नसतो, पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं त्याचा असतो. आवाज उतरायला लागला, बुडबुडे विरळ आणि बारीक झाले की पाणी संपत आलं, म्हणजे भजी झाली. घड्याळ नको. आणि सोडा घालायचाच असेल तर चिमटीच्या टोकावर राहील एवढाच. मामानं सांगितलेला "चमचाभर" नको. जास्त सोड्यानं भजी फुगतात, त्यांना भोकं पडतात आणि त्या भोकांतून तेल आत शिरतं. तेलात पसरून त्यांचा चिवडा झाला असं तू लिहिलंस, तो सोडा आणि सरबरीत पीठ यांचा संयुक्त उपक्रम होता. काढलेली भजी वर्तमानपत्रावर ओतू नकोस, शाई लागते. चाळणीत पसरून ठेव.

सगळं संपल्यावर तेल पातेल्यातच, झाकण घालून, रात्रभर. सकाळी गार झालेलं गाळून बाटलीत भर आणि एक-दोनदाच वापर. काळपट झालं, चिकट झालं, वास यायला लागला की गेलं. बेसिनमध्ये ओतू नकोस.

हे पत्र पाठवलं आणि सोबत एसटीच्या पार्सलनं सपाट बुडाचं पातेलं, त्याला घट्ट बसणारं झाकण, बिडाचा लहान तवा आणि सांडशी. तव्याला ह्यांनी दोरी बांधून चिठ्ठी लावली, "फक्त रूम पार्टनरसाठी." चिरंजीवांचं उत्तर आठवड्यानं आलं. दोन ओळींचं होतं. भजी झाली. अंडी झाली. वॉर्डन वासावर आले, शेगडी जप्त केली, आणि जाताना चार भजी घेऊन गेले. तवा त्यांच्या दृष्टीस पडला नाही, तो गादीखाली होता.

शेगडी महिन्याभरानं परत मिळाली, ती वापरायची नाही या अटीवर. अट कुणी किती पाळली ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

तेव्हा ज्यांची मुलं यंदा वसतिगृहात चालली आहेत त्यांना एकच विनंती. दिवाळीच्या डब्यातून चकल्या थोड्या कमी करा आणि त्या जागी एक सपाट पातेलं आणि त्यावर बसणारं झाकण घाला. तळायचं नाही असं बजावून काही होत नाही. ती तळणारच आहेत.